चार्जर, केबल की फोन: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

दिवाळीत घरी गेले तेव्हा आईचा फोन रात्रभर चार्जिंगला लावलेला दिसायचा. सकाळी साडेसहाला आई चहा टाकता टाकता फोन उचलायची आणि म्हणायची, "अजून पंच्याऐंशीच!" आई अंगणवाडी सेविका आहे. हजेरी, मुलांची वजनं, फोटो हे सगळं हल्ली फोनवरूनच भरावं लागतं, त्यामुळे दुपारी फोन बंद पडला की कामच अडतं. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने फोन हातात घेऊन दोन मिनिटांत निकाल दिला होता: बॅटरी गेली, सोळाशे रुपये. शेजारच्या काकांचं मत वेगळं, "आपल्याकडे लाइटच कमी दाबाने येते." बाबांचं म्हणणं, आता नवीन फोनच घेऊ.

तीन माणसं, तीन निदानं, आणि मोजलं कुणीच नव्हतं. माझ्या बॅगेत प्रयोगशाळेतला एक छोटा यूएसबी मीटर पडलेला होता. तो काढला आणि अर्ध्या तासात उत्तर मिळालं. दोष बॅटरीचा नव्हता, लाइटचा नव्हता, चार्जरचाही नव्हता. हे कसं कळलं, आणि तुमच्या घरी तुम्ही ते कसं शोधाल, हे आज सांगते. त्यात एक गोम आहे. मीटर लावून समोर दिसणारा आकडा वाचला की उत्तर मिळतं, असं वाटतं. पण पहिला आकडा बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला फासावर चढवतो.

मीटर म्हणजे काय?

हा मीटर काडेपेटीपेक्षाही छोटा असतो. एका बाजूला यूएसबीची चौकोनी पिन, दुसऱ्या बाजूला तसंच भोक. तो चार्जर आणि केबल यांच्या मध्ये बसतो. स्क्रीनवर मुख्य दोन आकडे दिसतात: व्होल्टेज (किती दाबाने वीज येते) आणि करंट (किती वीज वाहते). दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, म्हणजेच खरोखर मिळणारी शक्ती. मला तो पाच-सहाशे रुपयांत मिळाला होता.

चार्जरवर जे छापलेलं असतं तेही याच भाषेत असतं. आईच्या चार्जरवर होतं `Output: 5V 2A`. म्हणजे पाच व्होल्टच्या दाबाने दोन अँपिअरपर्यंत करंट देण्याची त्याची तयारी आहे, एकूण दहा वॅट. इथे "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा आहे. चार्जर करंट ढकलत नाही, फोन तो मागून घेतो. चार्जरचं काम एवढंच की मागितला तेवढा करंट देताना दाब पडू द्यायचा नाही.

त्याच चार्जरवर वर `Input: 100-240V~` असंही लिहिलेलं होतं. म्हणजे भिंतीतून १०० व्होल्ट आले काय आणि २४० आले काय, हा चार्जर आपलं आउटपुट पाच व्होल्टच ठेवतो. काकांच्या "लाइट कमी आहे" या संशयाचा निकाल इथेच लागला. लाइट कमी असेल तर पंखा हळू फिरेल, पण अशा चार्जरला त्याने सहसा फरक पडत नाही.

पहिला आकडा, आणि त्यातला सापळा

आईचा फोन तीस टक्क्यांवर होता. चार्जरमध्ये मीटर, मीटरमध्ये तिची रोजची केबल, केबलला फोन, स्क्रीन बंद. मीटर म्हणाला: ५.१० व्होल्ट, ०.८१ अँपिअर. म्हणजे जेमतेम चार वॅट. चार्जर दहा वॅटचा आणि निघतायत चार!

आता सांगा, दोषी कोण?

व्होल्टेज उत्तम आहे, म्हणजे चार्जर ठीक असावा. करंट कमी आहे, म्हणजे फोनच कमी मागतोय. म्हणजे बॅटरी गेली. दुकानदार बरोबर! मीही पहिल्यांदा असा मीटर वापरला तेव्हा हाच निष्कर्ष काढला असता. आणि तो चूक ठरला असता.

का, ते समजण्यासाठी गावातलंच उदाहरण घेऊ. डीपीजवळच्या घरात बल्ब लख्ख पेटतो आणि त्याच लाइनवरच्या शेवटच्या घरात तो मिणमिणतो. डीपीपाशी उभं राहून व्होल्टेज मोजलं तर ते छानच येणार. शेवटच्या घरात काय पोचतंय हे तिथे जाऊनच मोजावं लागतं. तार जितकी लांब आणि बारीक, आणि तिच्यातून जितका जास्त करंट वाहतो, तितका दाब वाटेतच खर्च होतो. माझा मीटर डीपीपाशी बसला होता. शेवटचं घर, म्हणजे फोन, केबलच्या पलीकडच्या टोकाला होतं.

शिवाय फोन बल्बसारखा मुकाट्याने मिणमिणत नाही. त्याच्या आत चार्जिंग सांभाळणारी एक चिप असते. ती करंट हळूहळू वाढवत जाते आणि स्वतःकडे येणाऱ्या दाबावर लक्ष ठेवते. दाब साडेचार व्होल्टच्या आसपास उतरायला लागला की ती ओळखते, "पलीकडून एवढंच झेपतंय," आणि करंट तिथेच थांबवते. नेमका आकडा फोननुसार बदलतो, पण पद्धत हीच. त्यामुळे खराब केबल लावली तरी फोन चार्ज होत राहतो, फक्त रडत-खडत. आणि चार्जरच्या टोकाला मोजणाऱ्याला दिसतं की व्होल्टेज तर मस्त आहे, फोनच कमी घेतोय.

थोडक्यात, कमी करंट हे लक्षण आहे, रोग नाही. ताप आल्याचं कळतं, कशामुळे आला ते कळत नाही. रोग शोधायचा तर फोनला काही काळ खेळातून बाहेर काढावं लागतं.

फोनच्या जागी एक मूर्ख वस्तू

फोन हा मोजमापासाठी वाईट गिऱ्हाईक आहे. बॅटरी किती भरली, फोन किती तापला, स्क्रीन चालू आहे का, यावर त्याची मागणी सतत बदलते. बॅटरी भरत आली की तो करंट स्वतःहून कमी करतो. नव्वद टक्क्यांवर फोन लावून "बघा, चार्जर अर्धाच अँपिअर देतोय" म्हणणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला ताट वाढून "हा जेवत का नाही?" विचारणं.

मला हवी होती अशी वस्तू, जी विचार करत नाही, दरवेळी सारखीच भूक दाखवते. ती म्हणजे रेझिस्टर. चाचणीसाठी यूएसबी पिन लावलेले छोटे लोड बोर्ड मिळतात. त्यावर दोन बटणं असतात, एक दाबलं की साधारण एक अँपिअर, दुसरं दाबलं की साधारण दोन अँपिअर करंट ओढला जातो. किंमत मीटरपेक्षाही कमी. फक्त एक लक्षात ठेवा: दहा वॅट एवढ्याशा तुकड्यात उष्णता होऊन बाहेर पडतात, त्यामुळे तो भाजेल इतका तापतो. मी तो शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवते, वीस-तीस सेकंदांत आकडा वाचते आणि लगेच काढते. गादीवर किंवा प्लास्टिकच्या टेबलावर तो ठेवू नका, आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर आणि लोड जोडण्यासाठी अजून एक चिमुकली वस्तू लागते: एका बाजूला सी-टाइपचं भोक, दुसऱ्या बाजूला चौकोनी यूएसबी पिन असलेला अडॅप्टर. हा अडॅप्टर फक्त जुन्या चौकोनी भोकाच्या चार्जरसोबत आणि अशा मोजमापापुरताच वापरायचा. काम झालं की डबीत ठेवून द्यायचा. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेल्या नव्या चार्जरसाठी सी-टाइपचेच मीटर मिळतात, आणि ते केबलच्या दोन्ही टोकांना थेट बसतात.

तीन वाचनं

आता प्रयोग. दरवेळी लोड तोच, मीटर तोच, फक्त एकच गोष्ट बदलायची.

पहिलं वाचन: केबल नाहीच. चार्जरमध्ये मीटर, मीटरमध्ये थेट लोड. काही न जोडता चार्जर ५.१४ व्होल्ट दाखवत होता. दोन अँपिअरचं बटण दाबल्यावर ५.०५ व्होल्ट आणि २.०२ अँपिअर. म्हणजे दहा वॅटपेक्षा किंचित जास्तच, आणि दाब एक दशांश व्होल्टनेसुद्धा पडला नाही. अर्धा मिनिट तो तसाच राहिला. चार्जर निर्दोष. आता त्याच्याकडे परत वळायची गरज नाही.

दुसरं वाचन: चार्जर, मीटर, आईची केबल, अडॅप्टर, लोड. मीटर अजून चार्जरच्याच टोकाला. ५.०७ व्होल्ट, १.६२ अँपिअर.

तिसरं वाचन: सगळं तेच, फक्त मीटर उचलून केबलच्या पलीकडे, अडॅप्टर आणि लोडच्या मध्ये लावला. करंट तोच, १.६२ अँपिअर. तो बदलणार नाहीच, कारण वाट एकच आहे, जितका करंट इकडून शिरतो तितकाच तिकडे निघतो. पण व्होल्टेज? ४.०६.

चार्जरपासून निघाले ५.०७, पोचले ४.०६. एक व्होल्टहून जास्त दाब वाटेतच गायब. आई शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "अगं, म्हणजे दूध वाटेतच सांडतंय की!" अगदी तसंच. आणि सांडलेलं कुठे जातं? केबल गरम करण्यात. साधारण १.६ वॅट नुसती केबल तापवण्यात जात होते.

ही गळती एका आकड्यात पकडता येते. तो म्हणजे केबलचा रोध, म्हणजेच रेझिस्टन्स. शाळेतला ओहमचा नियम:

```
R = (V1 - V2) / I
R = (5.07 - 4.06) / 1.62 = 0.62
```

यातला `V1` चार्जरच्या टोकाचा दाब, `V2` पलीकडच्या टोकाचा, आणि `I` करंट. उत्तर ०.६२ ओहम. हा आकडा केबलची जन्मपत्रिका आहे असं समजा. तो चार्जरवर अवलंबून नाही, फोनवर नाही, बॅटरी किती भरली यावर नाही. आज घरी मोजा, उद्या ऑफिसात मोजा, केबल तशीच असेल तर आकडाही जवळपास तोच येणार.

तीन केबली, तीन पत्रिका

घरात आणखी दोन केबली होत्या. बाबांची कापडी वेणीची, दोन मीटर लांब, घरातली सगळ्यात महाग. आणि माझी, माझ्या फोनसोबत आलेली एक मीटरची साधी. तशाच पद्धतीने त्याही मोजल्या.

| केबल | चार्जरच्या टोकाला | पलीकडे | करंट | रोध |
|---|---|---|---|---|
| आईची, १.२ मीटर | ५.०७ व्होल्ट | ४.०६ व्होल्ट | १.६२ अँपिअर | ०.६२ ओहम |
| बाबांची, २ मीटर | ५.०६ व्होल्ट | ४.४५ व्होल्ट | १.७८ अँपिअर | ०.३४ ओहम |
| माझी, १ मीटर | ५.०५ व्होल्ट | ४.७५ व्होल्ट | १.९० अँपिअर | ०.१६ ओहम |

पहिला स्तंभ बघा. तिन्ही केबलींसाठी तो जवळजवळ सारखाच आहे. फक्त चार्जरच्या टोकाला मोजणाऱ्याला या तीन केबलींच्या व्होल्टेजमध्ये काहीच फरक दिसणार नाही. सगळी गोष्ट दुसऱ्या स्तंभात आहे.

मग आईची केबल अशी का? तिच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलं होतं `28AWG`. हे तारेच्या जाडीचं माप आहे, आणि ते उलटं चालतं: आकडा मोठा, तार बारीक. २८ नंबरच्या तांब्याच्या तारेचा रोध एका मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. करंट एका तारेने जातो आणि दुसऱ्या तारेने परत येतो, म्हणून १.२ मीटरच्या केबलमध्ये प्रत्यक्षात २.४ मीटर तार आहे. त्याचेच झाले ०.५१ ओहम. उरलेला दहावा हिस्सा ओहम दोन्ही टोकांच्या पिना आणि माझा अडॅप्टर यांचा. हिशेब जुळला. केबल तुटलेली नव्हती, खराब झालेली नव्हती. ती जन्मतःच बारीक होती. मूळ केबल हरवल्यावर आईने आठवडी बाजारातून ही घेतली होती, आणि बाहेरून ती चांगली जाडजूडच दिसते. ती जाडी रबराची असते, तांब्याची नाही.

बाबांच्या केबलला नावं ठेवू नका. तिच्यातली तार आईच्या केबलपेक्षा जाड आहे, तिचा दोष फक्त लांबीचा. हीच केबल एक मीटरची असती तर माझ्या केबलीच्या जवळपास आली असती. तेव्हा पलंगापर्यंत पोचावी म्हणून लांब केबल घेताना जाड तार बघून घ्यायची. अंगावर `24AWG`, `22AWG` किंवा त्याहून लहान आकडा असेल तर बरं. काहीच लिहिलेलं नसेल तर मोजूनच कळेल.

आता फोनकडे परत

आता सुरुवातीच्या ०.८१ अँपिअरचं कोडं सोडवू. आईच्या केबलचा रोध ०.६२ ओहम आहे हे आपल्याला कळलंय. ०.८१ अँपिअर करंट असताना केबलीत पडणारा दाब म्हणजे ०.८१ गुणिले ०.६२, सुमारे अर्धा व्होल्ट. चार्जरच्या टोकाला ५.१० होते, म्हणजे फोनपर्यंत पोचत होते ४.६०. फोनमधली चिप तिथेच थांबली होती. तिला अजून हवं होतं, पण जास्त मागितलं की दाब आणखी पडणार हे तिला दिसत होतं.

हा तर्क खरा असेल तर केबल बदलताच करंट वाढायला हवा. तोच चार्जर, तोच फोन, बॅटरी अजून तिशीतच, फक्त माझी केबल लावली. मीटर दोन-तीन सेकंद वर चढत गेला आणि थांबला: ५.०६ व्होल्ट, १.८० अँपिअर. नऊ वॅट. दुप्पट.

इथे आणखी एक गोष्ट तपासून घ्यायची. माझ्या केबलीने फोनपर्यंत ४.७७ व्होल्ट पोचत होते, म्हणजे दाब अजून शिल्लक होता, तरी फोन १.८० वर थांबला. आता अडवणारा केबल नाही, फोनची स्वतःची मर्यादा आहे. याहून भारी केबल आणून काही उपयोग नाही. दुबळा दुवा बदलला की साखळीत दुसरा कुठला तरी दुवा सगळ्यात दुबळा ठरतो, आणि तो फोन स्वतःच असेल तर तिथे थांबायचं.

वेळेचा हिशेबही बसतो. आईच्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे साधारण १९ वॅट-तास ऊर्जा. जुन्या केबलने फोनपर्यंत पोचत होते ३.७ वॅट, त्यातलं थोडं चार्जिंगच्या उष्णतेत जातं. म्हणजे पूर्ण भरायला सहा तास तरी, आणि मध्ये लाइट गेली तर त्याहून जास्त. नव्या केबलीने तीन तासांच्या आसपास. सोळाशेची बॅटरी टाकली असती तरी नवी बॅटरी त्याच बारीक केबलने तितकीच रडत-खडत भरली असती.

हीच पद्धत, वेगळे आरोपी

प्रत्येक घरात दोषी केबलच निघेल असं नाही. माझ्या भावाच्या चार्जरवर `2.4A` छापलेलं होतं. त्याला लोड थेट लावला, केबल मध्ये नाही. एक अँपिअरला ४.९८ व्होल्ट, ठीक. दोन अँपिअरच्या बटणावर ४.३८ व्होल्ट आणि १.७५ अँपिअर, आणि आकडा हळूहळू उतरतच होता. केबल नसतानाच दाब इतका पडतोय म्हणजे दोष चार्जरचा. छापलेला आकडा ही त्याची इच्छा होती, कुवत नव्हे.

तिसरा प्रकार जास्त फसवा. केबलचा रोध मोजला तर उत्तम, चार्जर उत्तम, तरी फोन अर्ध्या अँपिअरच्या आसपासच अडकतो, बॅटरी वीस टक्क्यांवर असली तरी. अशा वेळी केबलमधल्या डेटाच्या तारांवर संशय घ्या. यूएसबी केबलीत वीज वाहणाऱ्या दोन तारांशिवाय माहिती वाहणाऱ्या दोन बारीक तारा असतात. साध्या चार्जरमध्ये त्या दोन आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि त्यावरून फोन ओळखतो की पलीकडे कॉम्प्युटर नसून चार्जर आहे, जास्त मागायला हरकत नाही. त्या तारा तुटल्या असतील किंवा कंपनीने घातल्याच नसतील तर फोन सभ्यपणे अर्ध्या अँपिअरवर राहतो. याची सोपी परीक्षा म्हणजे ती केबल फोन आणि लॅपटॉपमध्ये लावून बघणं. फोटो कॉपी करायचा पर्यायच येत नसेल तर डेटाच्या तारा नाहीत.

आणि चौथा प्रकार: आकडा एका जागी थांबतच नाही. लोड लावून केबल पिनेजवळ हलकेच वाकवा. व्होल्टेज उड्या मारत असेल तर आतली तार तुटत आलीय किंवा पिन सैल झालीय. बारीक तारेची केबल अशी नाचत नाही, तिचा आकडा वाईट असला तरी स्थिर असतो. केबल लोडवर स्थिर राहते पण फोनमध्ये घातल्यावर नाचते, असं दिसलं तर फोनच्या भोकात डोकावा. खिशातला कापसासारखा मळ तिथे घट्ट बसतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद काढायचा, सुईने किंवा टाचणीने नाही.

मीटरवर किती विश्वास ठेवायचा?

हा काही प्रयोगशाळेतला महागडा मीटर नाही. त्याच्या शेवटच्या आकड्यावर मी पैज लावणार नाही, आणि मध्ये बसल्यावर तो स्वतःही थोडा दाब खातो. पण आपण एकाच मीटरने दोन टोकांना मोजून वजाबाकी करतोय. मीटर सगळीकडे दोन शतांश व्होल्ट जास्त दाखवत असेल तर वजाबाकीत ती चूक जवळपास उडून जाते. एक व्होल्ट आणि पाव व्होल्ट यांतला फरक ओळखायला हा मीटर पुरून उरतो. ०.१६ आणि ०.१८ ओहममध्ये चांगलं कोण, हे मात्र त्याला विचारू नका. प्रत्येक वाचन पिना काढून-घालून तीनदा घ्या. तीन आकडे एकमेकांजवळ आले तरच विश्वास ठेवा.

मीटरवर एमएएच मोजणारा आकडाही असतो, आणि त्यावरून बरेच जण "माझी बॅटरी ५००० ची, मग मीटर कमी का दाखवतो?" असं म्हणून बॅटरीला दोष देतात. फोनवरचे ५००० एमएएच बॅटरीच्या साधारण ३.८५ व्होल्टला मोजलेले असतात, मीटरचे पाच व्होल्टला. दोन वेगळ्या मापांनी धान्य मोजून पोतं कमी भरलं म्हणण्यासारखं ते आहे. तुलना करायचीच तर वॅट-तासांत करा.

आणि सगळ्यात महत्त्वाची मर्यादा. चार्जर पूर्ण दाबाने पूर्ण करंट देतोय, म्हणजे तो सुरक्षित आहे, असं हा मीटर सांगत नाही. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आणि तुमचा हात यांच्या मध्ये चार्जरच्या आत किती चांगलं इन्सुलेशन आहे, हे या मीटरला दिसतच नाही. त्यासाठी चार्जरवरचं बीआयएसचं नोंदणी चिन्ह आणि `R-` ने सुरू होणारा क्रमांक बघून घ्या. चार्जरमधून जळका वास येत असेल किंवा हाताला झिणझिण्या येत असतील तर मोजत बसू नका, फेकून द्या.

आईला मी माझी केबल देऊन आले. जुनी केबल तिने टाकली नाही, "असू दे, आकाशवाणी ऐकायच्या छोट्या रेडिओला लावीन," म्हणाली. आणि ते बरोबरच आहे. तो रेडिओ चार्ज होताना पाव अँपिअरसुद्धा ओढत नाही, आणि एवढ्या करंटला ०.६२ ओहममध्ये पडतो जेमतेम ०.१५ व्होल्ट. केबल तीच, पण तिथे ती दुबळा दुवा नाही.